काकीच्या खुर्चीवरून काय दिसतं?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. पण ज्यांच्या घरात दोन-अडीच वर्षांचं पोर आहे, किंवा ज्यांच्या गावात कुणी पाळणाघर काढायच्या विचारात आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. बाकीच्यांनी वाचली तरी वाया जाणार नाही.

फेब्रुवारीतली गोष्ट. केळशीतल्या एका वाडीतून बचत गटाच्या बायांचा फोन आला. "ताई, आम्ही पाळणाघर चालू करतोय. फोटो काढायला या, पेपरात द्या." आंब्याचा हंगाम तोंडावर आला होता. मार्च ते मे काढणी, भरणी, पेट्या बांधणं, एवढं काम असतं की घरातली धडधाकट बाई घरात थांबतच नाही. खाडीच्या बाजूला मासळी निवडायला, सुकवायला जाणाऱ्या बाया वेगळ्याच. तीन वर्षांच्या पुढची पोरं सकाळी अंगणवाडीत बसतात, पण अंगणवाडी दुपारी सुटते. त्याहून लहानांना कोण बघणार? म्हातारी सासू असेल तर ती. नसेल तर आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण, शाळा बुडवून. निसर्ग वादळानं ३ जून २०२० ला इथल्या बागा आडव्या केल्या, तेव्हापासून स्वतःच्या बागेत राबणाऱ्या कितीतरी बाया दुसऱ्याच्या बागेत रोजावर जायला लागल्या. स्वतःच्या बागेत पोराला झाडाखाली निजवता येत होतं. दुसऱ्याच्या बागेत ते चालत नाही.

म्हणून मी आनंदानंच गेले. मनात बातमीचा मथळासुद्धा तयार होता.

खोली बघून बरं वाटलं. वीस फूट लांब, चौदा फूट रुंद. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खाली गुळगुळीत कोबा. भिंतीवर ससे आणि फुलपाखरं रंगवलेली. मधोमध एक लोखंडी कपाट आडवं लावलेलं आणि कपाटापासून भिंतीपर्यंत जाड निळा पडदा. "तिकडे झोपायचं, इकडे खेळायचं," काकी कौतुकानं म्हणाली. काकी म्हणजे मुलांना सांभाळणारी बाई, सगळी वाडी तिला काकीच म्हणते. मागच्या कोपऱ्यात तिची खुर्ची, खुर्चीजवळ खिचडीसाठी गॅस. "म्हंजे एका जागेवरनं दोन्ही कामं व्हतील."

मी कॅमेरा काढला आणि परत ठेवला. तो पडदा बघून माझे हातपाय गार पडले होते.

कारण सांगते. माझी मुलगी दीड वर्षाची असताना मी तालुक्याच्या गावी नोकरी करायचे. पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झालेला, पगार जेमतेम, घरी कुणी नाही. तिला एका पाळणाघरात ठेवायचे. पाळणाघरवाल्या बाई मायाळू होत्या, आजही त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तिथेही असाच पडदा होता. एकदा काम लवकर आटपलं म्हणून दुपारी अडीचला गेले. बाई अलीकडे भाजी निवडत बसलेल्या. मी पडदा सारला. माझ्या मुलीच्या तोंडावर जाड गोधडी होती आणि तिच्याहून जेमतेम वर्षानं मोठा मुलगा त्या गोधडीवर रेलून तिला थोपटत होता. तो बिचारा तिला निजवत होता! गोधडी ओढली तर पोर घामानं चिंब, चेहरा लालबुंद. ती जोरात रडली, आणि त्या रडण्यानं मला जेवढं बरं वाटलं तेवढं आजवर कशानंच वाटलेलं नाही.

काही झालं नाही, म्हणून त्याची बातमी झाली नाही. मीही कुठे लिहिलं नाही. आमच्या धंद्याचं हे असंच आहे, थोडक्यात वाचलेलं कुणी छापत नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. त्या बाईंचं लक्ष नव्हतं असं नव्हतंच. खोलीच अशी मांडली होती की लक्ष ठेवता येऊ नये.

मी हे सगळं त्या बायांना तिथेच सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "गो, आमची सगळी झोळीत वाढली. पडदा न् बिडदा. काय झाला कोणाला?" मी म्हटलं, आजी, खरं आहे. पण तुमच्या घरी झोळी एक होती आणि बघणारे डोळे चार. इथे पोरं दहा आणि डोळे दोन.

त्या दिवशी फोटो काढलाच नाही. पुढचे तीन रविवार आम्ही ती खोली नव्याने मांडली. मी काही या विषयातली पंडित नाही. पण मुलीच्या त्या प्रसंगानंतर जिथे जाईन तिथली पाळणाघरं बघायची, सांभाळणाऱ्या बायांशी बोलायचं, नियम वाचायचे, असा नादच लागला होता. तो इथे कामी आला.

पहिली परीक्षा: रांगून बघा

पहिल्या रविवारी आम्ही एकच खेळ केला. काकीला तिच्या खुर्चीवर बसवलं. मी गुडघ्यांवर बसले, म्हणजे माझं डोकं दोन वर्षांच्या पोराच्या उंचीला आलं, आणि खोलीभर फिरले. सांगितलं एवढंच, "काकी, मी दिसेनाशी झाले की ओरडायचं." जिथे ती ओरडली तिथे जमिनीवर खडूनं फुली मारली.

झोपायचा अख्खा भाग फुल्यांनी भरला. कपाटामागे फुली. बाहेरचं दार उघडं असलं की दाराच्या पाठीमागे फुली. मोरीत फुली. आणि एक गंमत म्हणजे अगदी तिच्या समोर, खिडकीखाली बसले तरी ती म्हणाली, "ताई, दिसताय पन त्वांड दिसत न्हाय." कारण तिची खुर्ची मागच्या भिंतीला, तोंड पुढच्या खिडक्यांकडे. समोरून लख्ख उजेड आला की माणसाची नुसती काळी आकृती दिसते. फोटो काढणाऱ्याला हे पहिल्या दिवशी शिकवतात, उजेड पाठीशी घ्या. पोर हसतंय, ठसका लागलाय की ओठ निळे पडलेत, हे आकृतीवरून कळत नाही.

म्हणून सगळ्यात आधी खुर्ची हलवली. पुढच्या भिंतीशी, दाराच्या बाजूला, जिथून दार, मोरी, खेळायची जागा आणि झोपायची जागा, चारही एका मान वळवण्यात दिसतात. खिडकी आता तिच्या पाठीशी. मग बाकीचं सामान तिच्या नजरेच्या वाटेतून बाजूला केलं. क्रम हाच ठेवायचा. आधी सांभाळणारीची जागा, मग सामान. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. सामान आधी लागतं आणि बाई उरलेल्या कोपऱ्यात बसते.

कपाट भिंतीला पाठ लावून उभं केलं. पडदा काढून टाकला. त्याऐवजी सुतारदादांकडून दोन फूट उंचीचं, दोन्ही बाजूंनी उघडं खेळण्यांचं मांडणं करून घेतलं. दोन फूट का? बसलेल्या बाईला त्याच्यावरून पलीकडचं सगळं दिसतं. पोराला मात्र तेवढीही भिंत पुरते, इकडची जागा खेळायची आणि तिकडची निजायची हे त्याला बरोबर कळतं. मांडण्याच्या माथ्यावर काही ठेवायचं नाही असा नियम केला, कारण वर डबा दिसला की पोर चढलंच.

गॅस खोलीतून पूर्ण बाहेर गेला. खिचडी शेजारच्या घरात होते आणि शिजून, कोमट होऊन आत येते.

दुसरी परीक्षा: सामान हलवून बघा

लोखंडी कपाट दिसायला भक्कम. पण खालचा खण उघडून त्यावर दोन वर्षांचं पोर उभं राहिलं की कपाटाचा तोल पुढे येतो. अशी कपाटं पोरांच्या अंगावर पडतात आणि ते एका क्षणाचं काम असतं. कपाटाला वरून एल पट्टी मारून भिंतीला जखडायचं. इथे आपल्याकडची अडचण अशी की चिरा असतो भुसभुशीत, आणि गिलाव्यात मारलेला स्क्रू चार दिवस धरतो, मग सुटतो. सुतारदादांनी आधी भिंतीला लांब स्क्रूंनी आडवी फळी ठोकली, प्रत्येक स्क्रू गिलाव्यातून पार चिऱ्यात खोल गेलेला, आणि कपाट त्या फळीला जखडलं. मग मी कपाटाचा वरचा काठ धरून अंगाचा सगळा भार टाकून ओढला. हललं नाही. हे ओढून बघणं दर महिन्याला करायचं. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तेव्हा जास्तच.

प्लास्टिकच्या मोठ्या खुर्च्या कुणीतरी देणगी दिल्या होत्या. त्या परत केल्या. पोर खुर्चीत बसलं की त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. टेकले नाहीत तर ते चुळबुळ करतं, पुढे सरकतं आणि खुर्चीसकट पालथं होतं. दीड ते तीन वर्षांच्या पोराला बैठक आठ ते दहा इंच उंच लागते, त्याहून जास्त नाही. सुतारदादांनी फणसाच्या लाकडाची आठ इंची बाकं आणि पंधरा इंची टेबल केलं, कडा आणि कोपरे घासून गोल केले. बाकाला पाठ नाही, पण भिंतीशी लावलंय.

एक गोष्ट सुतारदादांनाही नवी होती. कठडा, जाळी, मांडणं, कुठेही फट ठेवायची तर ती साडेतीन इंचांहून लहान किंवा नऊ इंचांहून मोठी. मधल्या मापाची नको. त्या मधल्या फटीतून पोराचं अंग निसटून पलीकडे जातं, डोकं मात्र जात नाही आणि पोर मानेवर लटकतं. आमच्या खिडकीच्या गजांत पाच इंच अंतर होतं. मधे आणखी एकेक गज बसवला.

आणि बारीक वस्तूंसाठी माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी उपयोगी पडली. जी वस्तू त्या डबीत पूर्ण मावते ती तीन वर्षांच्या आतल्या पोराच्या घशात अडकू शकते. काजूगर, चिंचोके, बाटलीचं झाकण, बांगडीचा तुकडा. काकीनं डबी खुंटीला टांगून ठेवलीय. संशय आला की वस्तू आत टाकून बघते.

मोरीबद्दल एकच वाक्य, पण ते विसरू नका. तळाशी चार बोटं पाणी असलेली बादलीसुद्धा पोराचा जीव घेऊ शकते. लहान पोराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं, ते आत वाकलं की त्याला उलटं उठता येत नाही, आणि बुडताना आवाजही होत नाही. मोरीच्या दाराची कडी आता बाहेरून, पाच फुटांवर. बादल्या रिकाम्या आणि पालथ्या. अंगणातल्या विहिरीला लोखंडी जाळीचं झाकण बसेपर्यंत आम्ही पाळणाघर उघडलंच नाही. बाहेरच्या दाराला आपल्या जुन्या घरांत असायचं तसं खालचं अर्धं दार लावलं. वारा येतो, पोर जात नाही.

तिसरी परीक्षा: सगळ्यांना एकदम निजवून बघा

खरा वाद इथे झाला. प्रश्न साधा होता, या खोलीत मुलं किती घ्यायची?

खोली २८० चौरस फूट. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. त्यासाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २०१८ मध्ये किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा धरलीय. त्या हिशेबानं आमच्या खोलीत तेवीस मुलं बसतात. कारखान्यांच्या पाळणाघरांसाठी जे जुने नियम आहेत त्यांत दर मुलामागे वीस चौरस फूट, म्हणजे चौदा. अमेरिकेत कित्येक राज्यांत पस्तीस चौरस फूट मोजतात, म्हणजे आठ. एकच खोली, आणि उत्तरं तेवीस, चौदा आणि आठ! बाया म्हणाल्या, "ताई, मग खरा कुठला?"

मी म्हटलं, कागद बाजूला ठेवू आणि गाद्या घालून बघू.

एका पोराची गादी दोन फूट रुंद, चार फूट लांब. दोन गाद्यांच्या मधे किमान दीड फूट, नाहीतर काकीला मधे पाय ठेवता येत नाही आणि एकाची लाथ दुसऱ्याला बसते. दोन रांगा, डोकी मधल्या वाटेकडे, वाट दोन फुटांची. म्हणजे त्या वाटेनं एकदा चालत गेलं की प्रत्येक पोराचं तोंड दिसतं आणि हात लावता येतो.

आता हिशेब बघा. एका रांगेत सहा गाद्या म्हणजे बारा फूट, अधिक मधली पाच अंतरं साडेसात फूट, एकूण साडेएकोणीस. वीस फुटांची भिंत संपली. दोन रांगा आणि वाट मिळून खोलीच्या चौदापैकी दहा फूट गेले. म्हणजे बारा मुलं निजली की उरते फक्त दारासमोरची चार फुटांची पट्टी. पण दहात एखादं-दोन पोरं दुपारी निजतच नाहीत. त्यांना कुठे ठेवणार? त्या पट्टीत ठेवलं तर दाराची वाट अडते, आणि आग लागली तर बाहेर पडायला वाट मोकळी हवीच.

एका रांगेत पाच गाद्या घातल्या तर भिंतीचे सोळा फूट लागतात, चार फूट उरतात. त्या चार बाय दहाच्या जागेत न झोपणारी पोरं पुस्तकं घेऊन बसतात. मधे दोन फुटी मांडणं आणि काकीची खुर्ची बरोबर त्या सांध्यावर.

उत्तर मिळालं, दहा. खोलीत किती मुलं मावतात हे उभ्या मुलांवरून ठरवायचं नाही, निजलेल्यांवरून ठरवायचं. गाद्यांमधे तीन फूट अंतर असावं असं जाणकार सांगतात, आम्हाला दीडच जमलं. म्हणून खोकणाऱ्या पोराची गादी टोकाला, वेगळी.

निजायच्या जागेचे आमचे नियम तिथेच भिंतीवर लिहिलेत. गादी पातळ आणि कडक, वर रेक्झिनचं कव्हर, म्हणजे पुसता येतं आणि पावसाळ्यात बुरशी धरत नाही. प्रत्येकाची चादर स्वतःची, नाव लिहिलेल्या पिशवीत. उशी नाही, गोधडी नाही, झोळी नाही. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर उताणंच निजवायचं. ब्रिटनमध्ये १९९१ पासून आणि अमेरिकेत १९९४ पासून ही साधी गोष्ट घराघरांत सांगितली गेली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. वर्षावरची पोरं स्वतःच कुशी बदलतात, त्यांना बदलू द्यावं, तोंड मात्र उघडं हवं.

आणि दर दहा मिनिटांनी काकी उठते, वाटेनं चालते, प्रत्येकाची छाती हलतेय का आणि ओठांचा रंग ठीक आहे का हे बघते. म्हणून निजायच्या जागी मिट्ट अंधार करायचा नाही. आषाढात आपल्याकडे भर दुपारी संध्याकाळ होते आणि वीजही जाते. बॅटरीवरचा दिवा खुंटीला टांगलेला असतो.

जे खोलीत दिसत नाही ते

एवढं सगळं झाल्यावर मी हुशारीनं विचारलं, "काकी, दिवसभर तू आणि वहिनी, दोघी असणार ना?" वहिनी म्हणजे मदतनीस. काकी म्हणाली, "हो तर. फकस्त दुपारी एक ते दोन वहिनी जेवाया घरी जाते."

एक ते दोन! म्हणजे बरोबर पोरं निजायची वेळ. त्या तासात एका पोराला शी झाली आणि काकी त्याला घेऊन मोरीत गेली की नऊ पोरं कुणाच्याच नजरेत नाहीत. खोली कितीही नीट मांडा, बघणारं माणूस खुर्चीत नसेल तर ती मांडणी काय कामाची? केंद्राच्या त्याच सूचनांत तीन वर्षांच्या आतल्या दहा मुलांमागे एक सेविका आणि सोबत एक मदतनीस असं म्हटलंय. त्या 'सोबत'चा अर्थ मला त्या दिवशी कळला. आता वहिनीचं ताट इथेच येतं.

दाराशी पाटी आहे. सकाळी आलेल्या मुलांचा आकडा खडूनं लिहितात. अंगणात जाताना, आत येताना, निजवताना आणि उठवताना डोकी मोजायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. मनातल्या मनात मोजलं की माणूस अंदाजानं मोजतं.

आता माझी खरी बोच

पाळणाघर मार्चच्या मध्यावर उघडलं. पहिल्या आठवड्यात चौदा आया आल्या. दहा घेतली, चौघींना परत पाठवलं. त्यातली एक मला बाजारात भेटली. म्हणाली, "ताई, तुमी म्हनं दहाच घ्यायला सांगितलंत. माझा रोज बुडतो. पोरगी आता आजारी सासूजवळ ठेवते. तिथं इहीर आहे, झाकन नाय."

मला काय उत्तर देता येणार होतं? खोलीत दहाच सुरक्षित आहेत हे खरं. आणि अकरावं पोर दाराबाहेर जास्त असुरक्षित आहे, हेही तितकंच खरं. पडद्याची खोली तिच्या घरापेक्षा बरी होती का? कदाचित होती. रात्री हा विचार मला झोपू देत नाही.

पण एवढं मात्र कळलंय की अकरावी गादी घालणं हे याचं उत्तर नव्हे. उत्तर दुसरी खोली आणि आणखी दोन बाया हेच आहे. बचत गटाच्या खिशात ते नाही. मुलामागे जी फी येते त्यात काकी आणि वहिनीचं मानधन जेमतेम निघतं.

म्हणून हा विषय सार्वजनिक आहे. केंद्राची पाळणाघर योजना जुनीच आहे, २०२२ पासून ती मिशन शक्तीखाली 'पाळणा' नावानं चालते, आणि अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर काढायची सोय त्यात आहे. रोजगार हमीच्या कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमून तिला मजुरी द्यायची तरतूद होती. कागदावर सहानुभूती भरपूर आहे. पण ही मागणी घेऊन जाताना आपण नुसतं "पाळणाघर द्या" म्हणतो, आणि मग कुठल्यातरी पडीक खोलीला ससे रंगवून मिळतात. १९६९ साली दिल्लीत गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर काढलं, त्यातून मोबाइल क्रेशेस उभी राहिली आणि १९७२ मध्ये ते काम मुंबईतही सुरू झालं. म्हणजे पाळणाघराला महाल लागत नाही. पण तंबूतसुद्धा बाई कुठे बसणार, पोरं कुठे निजणार आणि ती तिला दिसणार का, हे आधी ठरवावं लागतं.

आम्ही आता मागणीचा अर्ज लिहिलाय. त्यात "सुसज्ज", "अद्ययावत" असले शब्द नाहीत. आणखी एक खोली, वीस बाय चौदा. दहा गाद्या. दोन फुटी मांडणं. भिंतीला जखडलेलं कपाट. झाकण असलेली विहीर. दोन बाया, दुपारी एक ते दोनसुद्धा. सोबत खोलीचा नकाशा जोडलाय, त्यावर काकीची खुर्ची लाल शाईनं काढलीय.

तुमच्या गावात पाळणाघर असेल तर उद्या दुपारी दोन वाजता, न सांगता जा. सांभाळणाऱ्या बाईला दोष द्यायला नको. तिच्या खुर्चीत पाच मिनिटं बसा आणि निजलेल्या पोरांची तोंडं मोजा. जेवढी पोरं पाटीवर लिहिलीत तेवढी तोंडं दिसली तर बाईला नमस्कार करून या. नाही दिसली तर आधी पडदा काढायला सांगा आणि मग मला इथे कळवा.

फोटो मी शेवटी काढला. काकीच्या खुर्चीवरून, पोरं निजलेली असताना. दहाच्या दहा तोंडं दिसतात. पोरांचे चेहरे इथे टाकणार नाही, पण फोटो माझ्या टेबलावर आहे. माझ्या मुलीनं बघितला. ती आता कॉलेजात आहे. म्हणाली, "आई, यात बातमी काय आहे?"

म्हटलं, काही नाही. तीच तर बातमी आहे.